मनगटावरचं बोट

तीन वर्षांपूर्वीची चवथ. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माशेलला भाचीच्या सासरी गेले होते. घर माणसांनी भरलेलं, स्वयंपाकघरात खतखत्याचा वास, बाहेर पावसाची झड. भाचीला चौतिसावा आठवडा चालू होता. जेवणं आटोपल्यावर ती मला हळूच आतल्या खोलीत घेऊन गेली. कपाटातून मुठीएवढं एक पांढरं यंत्र काढलं आणि म्हणाली, "मावशी, बाळाचा ठोका ऐकतेस?"

मी सव्वीस वर्षं प्रसूती विभागात नर्स आहे. बाळाचे ठोके किती वेळा ऐकले असतील त्याची गणती नाही. तरी घरच्या बाळाचं कौतुक वेगळंच. ती पलंगावर उताणी झोपली, बेंबीच्या खाली डाव्या अंगाला जेल लावलं आणि त्यावर प्रोब टेकवला. आधी नुसती खरखर. मग प्रोब जरा कलता केल्यावर एक संथ, एकसारखा आवाज सुरू झाला आणि छोट्या पडद्यावर आकडा आला: १४८.

"बघ, कसा छान आहे. सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकतेय."

"तिसऱ्यांदा का गं?"

"काल संध्याकाळपासून जरा गप्प गप्प वाटतंय. पण ठोका येतोय ना, म्हणून म्हटलं, चवथ होऊन जाऊ दे. सोमवारी डॉक्टरकडे जायचंच आहे."

मी काही न बोलता तिचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. आमच्या हाताला ही सवयच लागलेली असते. पोटावर यंत्र ठेवलं की दुसरा हात आईच्या नाडीवर जातो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुरं एक मिनिट मोजलं. नाडीचे ठोके भरले ७४. आणि नाडीच्या दर ठोक्याबरोबर यंत्रातून आवाजाचे दोन झोत येत होते, एक मोठा आणि त्यामागे एक बारका. ७४ ची दुप्पट १४८. पडद्यावर दिसत होता तो आकडा बाळाचा नव्हता. तिचाच होता.

या यंत्राला डॉपलर म्हणतात. ते करतं काय, ते थोडं सांगते. प्रोबमधून ध्वनिलहरी आत जातात, त्या लहरींचा आवाज आपल्या कानाला ऐकू येण्याच्या फार पलीकडचा असतो. आत हलणाऱ्या वस्तूवर त्या आपटतात आणि परत येताना त्यांची कंपनसंख्या किंचित बदललेली असते. हा जो फरक, तोच यंत्र आवाज म्हणून आपल्याला ऐकवतं. म्हणजे आपण ऐकतो तो हृदयाचा आवाज नव्हे, हालचालीपासून यंत्राने तयार केलेला आवाज. हलणारं काय आहे आणि कोणाचं आहे, हे यंत्राला कळत नाही. बाळाच्या हृदयाच्या झडपा हलतात, नाळेतून रक्त धावतं, तसंच आईच्या ओटीपोटातल्या जाड रक्तवाहिन्याही उसळत असतात, बाळाला पोसणाऱ्या वारेकडे जाणारं तिचं रक्त सळसळत असतं, आतडीसुद्धा स्वस्थ नसतात. प्रोबच्या वाटेत जे येईल ते ऐकू येतं. त्यावरून आकडा काढताना यंत्र फक्त आवाज किती वेळाने पुन्हा आला एवढंच बघतं. एका ठोक्यातले दोन झोत त्याने दोन ठोके धरले तर आईची ७४ ची नाडी १४८ होऊन समोर येते. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत, हे हल्ली प्रत्येक गरोदर बाईला पाठ असतं. १४८ बघून कोणाला शंका यावी?

दुप्पट व्हायचीही गरज नाही. पोटातल्या बाळाच्या काळजीने आईची छाती धडधडायला लागली की तिची स्वतःची नाडीच ११५-१२० वर जाते. ज्या बाईला सर्वांत जास्त धास्ती वाटत असते, तिलाच यंत्र खोटा दिलासा देण्याची शक्यता जास्त.

सरावलेल्या कानाला हे आवाज वेगळे कळतात. वारेचा आवाज म्हणजे किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून वारा वाहतो तसा, लांब, सुस्कारणारा, आईच्या नाडीबरोबर चालणारा. नाळेचा आवाजही सळसळतच येतो, पण बाळाच्या वेगाने. आणि खुद्द हृदयाचा आवाज कोरडा, टापांसारखा, आईच्या नाडीला ओलांडून पुढे पळणारा. वर्णन वाचायला सोपं आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना तो फरक ओळखायला कित्येक महिने जातात, आणि त्यासुद्धा नुसत्या कानावर भिस्त ठेवत नाहीत. आधी हातांनी पोट चाचपून बाळ कसं बसलंय ते बघतात. एका अंगाला सलग, घट्ट लागते ती पाठ. दुसऱ्या अंगाला उंचवटे लागतात ते हातपाय. ठोका सर्वांत स्पष्ट लागतो तो बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या बाजूला. प्रोब तिथे ठेवायचा, दुसऱ्या हाताने आईची नाडी धरायची, आणि दोन्ही वेगवेगळ्या आहेत याची खात्री झाल्यावरच ठोके मोजायचे.

त्या दुपारी मी तेच केलं. भाचीला डाव्या कुशीकडे जरा कलवलं आणि पोट चाचपलं. बाळाची पाठ उजवीकडे होती. ती आपली सबंध दिवस डावीकडे ऐकत होती. प्रोब उजवीकडे नेला, बेंबीच्या खाली थोडं दाबलं, आणि टापा ऐकू आल्या. १५२. नाडी अजून ७४-७६ मध्येच. हा खरा ठोका.

भाचीच्या तोंडावर रंग परत आला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी हात जोडले. आणि मी म्हटलं, "गाडी काढा. बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊ."

"पण मावशी, ठोका आहे ना?"

खरं तर हेच सांगण्यासाठी मी लिहायला बसले आहे. आधीचा आकडा आईचा निघाला म्हणून मी घाबरले नव्हते. खरा ठोका सापडल्यावरही माझी काळजी तसूभर कमी झाली नव्हती. कारण ठोका आहे म्हणजे बाळ या घटकेला जिवंत आहे, एवढंच कळतं. बाळ बरं आहे का, याचं उत्तर त्यात नसतं.

पोटातल्या बाळाला वारेतून प्राणवायू कमी मिळायला लागला की ते काटकसर करतं. घरात पैसा आटला की आपण आधी कुठले खर्च थांबवतो, तसंच. रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवलं जातं आणि हातपाय हलवणं कमी होतं. लाथा मारण्यात शक्ती जाते, ती बाळ वाचवतं. अशा अवस्थेत ते काही तास, कधी काही दिवससुद्धा काढतं. या सगळ्या काळात हृदय चालूच असतं, आकडाही ११० ते १६० च्या आत असतो. हृदय सर्वांत शेवटी हार मानतं. आईला सर्वांत आधी कळते ती हालचाल, यंत्राला सर्वांत शेवटी कळतो तो ठोका. या दोन्हींच्या मधला जो वेळ आहे, तेवढ्यातच आम्हाला काही करता येतं. घरी डॉपलर लावून बसलेली बाई नेमका तो वेळ खर्च करते, तोही आपण नीट लक्ष ठेवतोय अशा समजुतीने.

सासूबाईंचं म्हणणं होतं, नऊ भरत आले की बाळाला आत जागा उरत नाही, म्हणून ते कमी फिरतं. गोव्यात काय, घाटावर काय, ही समजूत सगळीकडे आहे आणि ती चूक आहे. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा बदलते. लाथेऐवजी लोळल्यासारखं, सरकल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होत नाही. पोटात बाळ झोपतंही, पण एका वेळी साधारण वीस ते चाळीस मिनिटं. दीड तासाच्या वर क्वचितच. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दुपारपर्यंत बाळ झोपून राहत नाही. "थंड पाणी पी, गोडाचं खा, म्हणजे हलेल" हा दुसरा सल्ला. आदल्या रात्री भाचीने त्यासाठी दोन नेवऱ्या खाल्ल्या होत्या.

भर पावसात निघालो. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, आणि बांबोळी. वाटेत ती एकदाच बोलली, "मी उगाच यंत्र घेतलं का गं?" मी तिला म्हटलं, आत्ता फक्त हात पोटावर ठेव आणि काही हललं की मला सांग. बांबोळी येईपर्यंत तिने एकदाच सांगितलं.

तिथे एनएसटी लावली. पोटाला दोन पट्टे बांधतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा पिशवीचं आकुंचन. आईच्या हातात एक बटण देतात. बाळ हललं की तिने ते दाबायचं. निदान वीस मिनिटं कागद सरकत राहतो. या कागदावर आम्ही आकड्याकडे फारसं बघतच नाही. बघतो ती रेघ. धडधाकट बाळाच्या ठोक्यांची रेघ कधी सरळ नसते, ती सारखी थरथरते, पाच-दहा ठोके वर, पाच-दहा ठोके खाली. बाळ हललं की रेघ उंच उडी घेते, निदान पंधरा ठोक्यांची आणि निदान पंधरा सेकंद टिकणारी. वीस मिनिटांत अशा दोन उड्या दिसल्या की आमचा जीव भांड्यात पडतो.

भाचीच्या कागदावरची रेघ १५० च्या आसपास होती. आकडा उत्तम. पण रेघ जवळजवळ सपाट होती. थरथर अगदी बारीक, उडी एकही नाही. बाळ झोपलं असेल म्हणून आणखी वीस मिनिटं लावली. तशीच. मग सोनोग्राफी झाली. बाळ वयाच्या मानाने लहान, भोवतालचं पाणी कमी, आणि नाळेतल्या रक्तप्रवाहात हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये जो प्रवाह वाहता राहायला हवा तो थांबत होता. वार थकली होती. वार पिशवीच्या पुढच्या भिंतीला होती, हेही तेव्हाच नीट लक्षात आलं. पुढे वार असली की लाथा उशीवर आपटाव्यात तशा तिच्यावर आपटतात आणि आईला मुळातच कमी जाणवतात. प्रोबला मात्र वारेचा आवाज सगळीकडे सापडतो.

फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि रेघ सुधारेना तेव्हा त्याच रात्री सिझेरियन झालं. एक किलो सातशे ग्रॅमची मुलगी. रडली, बारीक आवाजात, पण रडली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. सोमवार उजाडायला अजून दोन दिवस होते. भाची ज्या सोमवारची वाट बघत होती, तोच.

सगळ्यांना असा निकाल मिळत नाही. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंडमधल्या दोन डॉक्टरांनी एका बाईची हकीगत छापली. अडतिसावा आठवडा, पहिलटकरीण. शनिवार-रविवारी बाळाची हालचाल कमी वाटली. घरी डॉपलर होता, त्यावर ठोका ऐकला, धीर आला. सोमवारी ती दवाखान्यात गेली तेव्हा बाळ पोटातच गेलेलं होतं. तिने ऐकला तो आवाज तिच्या स्वतःच्या नाडीचा किंवा वारेतल्या रक्ताचा असावा, असं त्या डॉक्टरांनी लिहिलं. हे वाचलं तेव्हा मी नोकरीतच होते. शनिवार, रविवार, सोमवार, ही सांगड तेव्हापासून डोक्यातून गेलेली नाही. सुट्टी, सण, घरातलं कार्य, "डॉक्टरला आत्ता कशाला त्रास" हे सगळं असतंच. त्यात हातात एक यंत्र आलं की थांबायला कारण मिळतं. अमेरिकेच्या एफडीए या नियंत्रक संस्थेनेही २०१४ मध्ये गरोदर बायकांना बजावलं की घरी ही यंत्रं वापरू नका. ती प्रशिक्षित माणसाने, वैद्यकीय कारणासाठी वापरायची आहेत. आपल्याकडे मात्र फोनवर बोट टेकवलं की दोन दिवसांत घरपोच येतं, आणि खोक्यावर हसरी आई असते.

या यंत्राची उलट बाजूही आम्ही बघतो. दहाव्या-अकराव्या आठवड्यात पिशवी अजून जांघेच्या हाडामागे दडलेली असते, बाळ अंगठ्याएवढं. त्या वेळी सराव असलेल्या माणसालाही ठोका लवकर सापडत नाही. घरी नवराबायको तासभर शोधतात, सापडत नाही, आणि रात्री दोन वाजता रडत दारात येतात. सोनोग्राफीत बाळ मजेत हातपाय हलवत असतं. त्या तासाभरात त्या मुलीने जे भोगलेलं असतं, ते नंतर कोणी पुसू शकत नाही.

मला सर्वांत वाईट वाटतं ते ज्यांचं एक मूल आधी गेलेलं आहे त्यांच्यासाठी. अशी बाई डॉपलर घेते तेव्हा तिला हौस नसते. तिला श्वास घ्यायचा असतो. पहिले काही दिवस यंत्र तिला श्वास देतंही. मग सकाळी ऐकलेल्या ठोक्याचा धीर दुपारपर्यंतच पुरतो, दुपारचा तासभर, आणि शेवटी यंत्र पोटावरून उचललं की लगेच पुन्हा भीती. एक मुलगी मला म्हणाली होती, "ताई, ठोका थांबला तर तो मी ऐकत असतानाच थांबावा असं वाटतं." तिला मी यंत्र टाकून दे असं म्हटलं नाही. मी तिच्या डॉक्टरांशी बोलले, तिच्या तपासण्या जवळ जवळ घेतल्या, विभागाचा फोन नंबर तिच्या फोनमध्ये स्वतः घातला आणि सांगितलं, दिवसातून तीनदा आलीस तरी कोणी तोंड वाकडं करणार नाही. कोणी केलं तर मला सांग. ती शेवटच्या दोन महिन्यांत सात वेळा आली. सातही वेळा सगळं ठीक होतं. बाळ हलत नाही म्हणून येणाऱ्या बहुतेक बायकांचं ठीकच निघतं. ती सात एनएसटी वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

मग घरी करायचं काय, असं बायका विचारतात. अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराला हालचाल कळायला लागते; पहिल्या खेपेला थोडी उशिरासुद्धा. अठ्ठावीस आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाचा आपला एक दिनक्रम ठरतो. कोणी रात्री आई आडवी झाली की जागं होतं, कोणी जेवणानंतर. तो दिनक्रम आईला माहीत असतो, शेजारणीच्या बाळाशी त्याची तुलना करायची नाही. त्यात फरक वाटला आणि खात्री होत नसेल तर डाव्या कुशीवर झोपायचं, फोन-टीव्ही बाजूला ठेवायचा आणि दोन तास फक्त तिकडेच लक्ष द्यायचं. दोन तासांत दहा वेगवेगळ्या हालचाली जाणवल्या नाहीत तर निघायचं. आणि बाळ काहीच हलत नसेल तर दोन तासही थांबायचं नाही. रात्र असली तरी, सण असला तरी. गाडी नसेल तर १०८.

भाचीने तो डॉपलर कोणाला दिला नाही. कोणीतरी मागितला होता, जावेच्या बहिणीला दिवस गेले म्हणून. तिने सरळ नाही म्हणून सांगितलं आणि सेल काढून मुलीला खेळायला दिला. प्रोबची वायर आता तुटली आहे.

यंदा तिला पुन्हा दिवस आहेत. गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला तिचा फोन आला. एकतिसावा आठवडा.

"मावशी, रोज दहाला उड्या मारतो. आज नाही मारल्या."

"किती वेळ झोपून बघितलंस?"

"दोन तास. चार मोजल्या."

"मग मला कशाला फोन करतेस, निघाली नाहीस अजून?"

"गाडीतूनच बोलतेय," ती म्हणाली. मागून वायपरचा आवाज येत होता. "बाणस्तारीचा पूल ओलांडला."

मी ड्यूटीवरच होते. खाली जाऊन दारात उभी राहिले. पाऊण तासाने कागदावर रेघ थरथरत होती, चौथ्या मिनिटाला पहिली उडी दिसली, नवव्याला दुसरी, आणि भाचीने बटण दाबायच्या आत तिच्या पोटाचा उजवा कोपरा आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत वर आला.